दहा तासांचा थांबा, पावणेचार तासांचं शहर

मुंबईहून सिडनीला जाताना सिंगापूरच्या चांगी विमानतळावर सकाळी सातला उतरायचं आणि पुढचं विमान संध्याकाळी पाचचं, असं समजू. या दहा तासांबद्दल काही गोष्टी ठामपणे सांगितल्या जातात.

गैरसमज : पुढचं तिकीट हातात असलं की बाहेर सोडतात.

भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान अशा ठरावीक देशांचा वैध व्हिसा आणि पुढचं पक्कं तिकीट असेल, तर ९६ तासांपर्यंत व्हिसाविना प्रवेश मिळू शकतो. 'मिळू शकतो' म्हणायचं कारण, शेवटचा निर्णय इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याचा. व्हिसाच्या पत्राची छापील प्रत जवळ ठेवा आणि ऑनलाइन अरायव्हल कार्ड आधीच भरा. ते फुकट असतं, पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे. विमानतळाच्या मोफत शहरफेरीलाही हेच नियम लागू आहेत.

गैरसमज : सामानाचं काय, ते आपोआप पुढे जातं.

एकाच तिकिटावर प्रवास असेल आणि मुंबईत बॅगेला सिडनीचा टॅग लागला असेल, तरच. टॅगवर SYD आहे का, ते काउंटरवरच वाचून घ्या. दोन वेगळी तिकिटं असतील तर बॅग तुम्हालाच पट्ट्यावरून उचलून पुन्हा चेक-इन करावी लागेल.

हातातली बॅग मात्र पैसे भरून सामानघरात ठेवता येते. ती शक्यतो ज्या टर्मिनलवरून पुढचं विमान आहे तिथेच ठेवावी. टर्मिनल ४ बाकीच्यांपासून लांब आहे, तिथे बसनेच जावं लागतं. ऐन वेळी बॅगेसाठी ही फेरी मारणं महागात पडतं. पासपोर्ट, औषधं आणि पावती अंगावरच असू द्या. आणि हो, गुटखा, चघळायची तंबाखू, व्हेप यांवर तिथे बंदी आहे. बाहेर पडताना खिशात नको.

गैरसमज : दहा तास म्हणजे आठ तास तरी भटकंती.

हिशेब उलटा, विमानाच्या वेळेपासून मांडा. पाचचं विमान, म्हणून दोनला विमानतळावर परत. मेट्रोने साधारण पाऊण तास आणि चुकामुकीची पंधरा मिनिटं, म्हणजे एकला शहर सोडायचं. सकाळी इमिग्रेशन आणि सामानघर उरकेपर्यंत साडेआठ, ताना मेराहला गाडी बदलून सिटी हॉल स्टेशनला सव्वानऊ. हातात उरले पावणेचार तास. तेवढ्यात मेरलायनपर्यंत चालत जाऊन एखाद्या हॉकर सेंटरमध्ये जेवण होतं. सेंटोसा बेटाचा मोह नको.

परतीचे तीन तास जास्त वाटतात, पण चांगीच्या बहुतेक टर्मिनल्समध्ये सुरक्षा तपासणी थेट गेटवरच होते. इमिग्रेशन पटकन आटोपलं म्हणून दुकानांत रेंगाळणारे तिथल्या रांगेत अडकतात. शहरात घेतलेली शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी सॉसची बाटलीही तिथेच टाकावी लागते.

मनगटी घड्याळ मात्र उतरल्या उतरल्या अडीच तास पुढे करा. भारतीय वेळेनुसार 'अजून साडेअकराच तर झालेत' म्हणाल, तेव्हा तिथे दोन वाजलेले असतील.