नऊ आणि चाळीस: रोमन अंकांतल्या वजाबाकीचा नियम

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरचा इंग्रजी लेख MCMXI या अक्षरांनी संपतो. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी 2 डिसेंबर 1911 रोजी इथे उतरले, त्याचे हे साल. लंडनच्या अ‍ॅडमिरल्टी आर्चवर 1910 हे साल MDCCCCX असे कोरले आहे. एकच साम्राज्य, जेमतेम एका वर्षाचा फरक, आणि नऊशे लिहिण्याच्या दोन तऱ्हा: मुंबईत CM म्हणजे हजाराला शंभर कमी, लंडनमध्ये DCCCC म्हणजे पाचशे आणि वर चार शंभर.

लंडनची तऱ्हा चूक ठरवायची घाई करू नये. खुद्द रोमन लोक दोन्ही वापरत. कोलोसियमच्या 44व्या दारावर XLIIII कोरले आहे, म्हणजे एकाच संख्येत चाळीस वजाबाकीने आणि चार बेरजेने. इ.स. 9 मध्ये जर्मनीच्या जंगलातल्या लढाईत मारल्या गेलेल्या मार्कस केलियस या सेनाधिकाऱ्याचा स्मृतिशिलालेख बॉनच्या संग्रहालयात आहे. त्यावर त्याच्या अठराव्या लीजनचा आकडा XIIX असा आहे. आज आपण XVIII लिहू. तेव्हा आज शाळेत शिकवला जातो तो काटेकोर नियम पुष्कळ नंतर पक्का झाला.

पण पक्का झाला तो मनमानीने नाही. रोमन संख्या आपण समजतो त्यापेक्षा आपल्या संख्येच्या जवळची आहे: तीही एकक, दशक, शतक अशी तुकड्यातुकड्याने लिहिली जाते. प्रत्येक स्थानाला तीन चिन्हे मिळतात. एककाला I, V, X. दशकाला X, L, C. शतकाला C, D, M. पहिले चिन्ह एकाचे, दुसरे पाचाचे, तिसरे दहाचे. एक ते तीन पहिले चिन्ह तितक्यांदा लिहून होतात. चार सारख्या रेघा नजरेला चटकन मोजता येत नाहीत, म्हणून चारसाठी पाचाच्या डावीकडे एक ठेवायचा, आणि नवासाठी दहाच्या डावीकडे. IV आणि IX, XL आणि XC, CD आणि CM ही सहा रूपे म्हणजे तीन स्थानांवर उमटलेला एकच साचा. चाळीस हा दशकस्थानचा चार आहे, म्हणून तो XL. V, L, D कधीच वजा होत नाहीत, कारण दहातून पाच काढले तर पाचच उरतात आणि त्यासाठी चिन्ह आधीच आहे.

एवढे समजले की 99 म्हणजे IC का नाही, हा नेहमीचा प्रश्न सुटतो. नव्वद दशकाचे, नऊ एककाचे. दोन्ही आपापल्या जागी लिहायचे: XC आणि IX, मिळून XCIX. IC मध्ये एककाचे चिन्ह दोन घरे ओलांडून शतकाला चिकटते.

1949 घ्या. हजार M, नऊशे CM, चाळीस XL, नऊ IX, झाले MCMXLIX. एखाद्या स्थानी शून्य असले तर तिथे काहीच लिहायचे नाही. उलट वाचताना उजवीकडून सुरुवात करावी: चिन्ह आपल्या उजवीकडच्या कुठल्याही चिन्हापेक्षा लहान असेल तर वजा, नाहीतर अधिक. MCMXI मध्ये एक, अकरा, एक हजार अकरा, शंभर वजा होऊन नऊशे अकरा, आणि शेवटी हजार मिळवून 1911.

वाचायची ही रीत मात्र फार उदार आहे. ती IC लाही बिनतक्रार 99 म्हणते आणि XIIX लाही 18. एक्सेलमध्ये =ROMAN(499,4) लिहिले तर ID असे उत्तर येते, कारण त्या सूत्रातला दुसरा आकडा रूप किती आखूड करायचे ते ठरवतो; तो गाळला की नियमाचे CDXCIX मिळते. म्हणजे वाचता आले एवढ्यावरून लिहिलेले बरोबर ठरत नाही.

अमेरिकेत सेंट लुइसच्या कलासंग्रहालयाच्या उत्तर दारावर 1903 साठी MDCDIII कोरले आहे. वाचले तर हजार, पाचशे, चारशे, तीन: बेरीज बिनचूक. पण शतकस्थानी पाचशे आणि चारशे असे दोन अंक बसले आहेत, आणि एका स्थानी अंक एकच मावतो. 1903 पुन्हा नियमाने लिहिले की MCMIII येते आणि फरक उघड होतो. पत्रिकेवर, पाटीवर किंवा दगडावर रोमन साल घालणाऱ्याने हीच तपासणी करावी: लिहिलेले वाचून आपल्या अंकांत आणावे, त्या अंकांवरून पुन्हा स्थानवार लिहावे, आणि अक्षर न् अक्षर जुळले तरच कोरायला द्यावे.