भाऊबीजेनंतर म्हणजे नक्की कधी?

‘दिवाळीनिमित्त छापखाना बंद. भाऊबीजेनंतर सुरू.’ शटरवरच्या अशा पाटीने गिऱ्हाइकाचा हमखास गोंधळ होतो. २०२५ मध्ये भाऊबीज गुरुवारी, २३ ऑक्टोबरला होती. मग छापखाना शुक्रवारी उघडणार की रविवार उलटून सोमवारी? ‘सोमवार, २७ ऑक्टोबर, सकाळी १० पासून’ एवढं लिहिलं की हेलपाटा वाचतो. तारखेसोबत वार हवाच. चुकून एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर वारावरून लगेच कळतं.

खरी कसोटी तातडीच्या कामाची. नुसता ‘तातडीसाठी संपर्क’ म्हणून नंबर दिला, की लग्नपत्रिकेचे भाव विचारणारेही पाडव्याच्या सकाळी फोन करतात. त्यापेक्षा स्पष्ट लिहावं: ‘फक्त दशक्रिया-तेराव्याच्या पत्रिका. फोन सकाळी ९ ते ११.’ घरात दुःख असलेल्या माणसाला थांबायला सांगता येत नाही, म्हणून ही सोय मनापासून ठेवायला हवी. नंबर मात्र गावातच असणाऱ्या, छापखान्याची किल्ली जवळ असलेल्या माणसाचा द्यावा. कागदाचे व्यापारीही सुट्टीवर असतात. तेव्हा लागेल तेवढा कागद आधीच भरून ठेवावा.

पाटी आठवडाभर आधी लावावी आणि त्यात ऑर्डर घेण्याची शेवटची तारीखही टाकावी.