चाळीतल्या खोलीत माइनक्राफ्टचा सर्व्हर : पाच जण खेळतील, पण पोटमाळ्यावर ठेवू नका!

मे महिन्याची सुट्टी, गिरगावातली चाळ आणि माइनक्राफ्टमध्ये ‘आमचं स्वतःचं जग’ हवं म्हणून हट्ट धरून बसलेली मुलं. लॅमिंग्टन रोडवरून रास्पबेरी पाय आणायचा, राउटरशेजारी ठेवायचा आणि सर्व्हर सुरू करायचा, इतकं ते सोपं वाटतं. पहिले दोन दिवस सगळं सुरळीत चालतं. तिसऱ्या दुपारी मात्र तोडलेला ठोकळा पुन्हा जागेवर दिसू लागतो, दार उशिरा उघडतं आणि मुलं इंटरनेटला दोष देतात. बहुतेक वेळा दोष इंटरनेटचा नसतो.

खेळ अडखळतो म्हणजे काय?

माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० ठोक्यांवर चालतो. या ठोक्याला ‘टिक’ म्हणतात. प्रत्येक टिकचं काम ५० मिलिसेकंदांत संपायला हवं. पाणी वाहणं, पिकं वाढणं, प्राण्यांची हालचाल हे सगळं त्यातच येतं. पायमध्ये चार कोअर असले, तरी हे मुख्य काम बरंचसं एकाच कोअरवर होतं. त्यामुळे त्या एका कोअरचा वेग महत्त्वाचा ठरतो.

रास्पबेरी पाय ५ हा २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. समजा, त्या वेगाला एका टिकला ४० मिलिसेकंद लागतात. म्हणजे खेळ व्यवस्थित चालेल. पण चिप ८० अंशांवर गेली, की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करू लागते. वेग १.५ गिगाहर्ट्झवर आला, की तेच काम ६४ मिलिसेकंद घेतं आणि सेकंदाला २० ऐवजी साधारण १५ टिक होतात. सर्व्हरच्या खिडकीत `Can't keep up!` अशी ओळ दिसते ती अशा वेळी.

मुंबईचा उकाडा चिपला कसा लागतो?

आपल्याला दमट हवेत जास्त त्रास होतो, कारण घाम सुकत नाही. चिपला घामच येत नाही, त्यामुळे दमटपणाने तिचं तापमान फारसं बदलत नाही. तिला फरक पडतो तो भोवतालच्या हवेच्या तापमानाने. खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश चिपही वर जाते. समजा, २४ अंशांच्या एसी खोलीत चिप ६६ अंशांवर आहे. ३४ अंशांच्या खोलीत ती ७६ वर जाईल. पोटमाळ्यावर किंवा टीव्हीच्या बंद कपाटात हवा ४० अंशांची झाली, की चिप ८२ वर पोहोचते. म्हणजे मर्यादा ओलांडली!

म्हणून पाय ५ ला पंखा आणि हीटसिंक असलेला ‘अॅक्टिव्ह कूलर’ लावाच. चहूबाजूंनी बंद डबी टाळा. बोर्ड मोकळ्या हवेत, डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. पंख्यावर धूळ बसते, ती अधूनमधून ब्रशने काढा.

किती जण खेळू शकतात?

सर्व्हर प्रत्येक खेळाडूभोवती १६ × १६ ठोकळ्यांचे चौकोन सांभाळतो. त्यांना ‘चंक’ म्हणतात. दृश्य-अंतर १० असेल तर एका खेळाडूमागे २१ × २१, म्हणजे ४४१ चंक लागतात. ते ६ केलं, की १३ × १३, म्हणजे १६९ पुरतात. पाच मुलं पाच दिशांना पांगली, तर २,२०५ चंकऐवजी ८४५ मध्ये भागतं.

‘पेपर’ हा हलका सर्व्हर वापरून ४ जीबीच्या पाय ४ वर तीन-चार आणि ८ जीबीच्या पाय ५ वर पाच ते आठ खेळाडू, हा व्यवहार्य अंदाज. अख्ख्या चाळीला आमंत्रण देऊ नका. `server.properties` या फाइलमध्ये सुरुवातीला एवढं ठेवा :

```
max-players=5
view-distance=6
simulation-distance=5
```

मुलांना बोलावण्याआधीची परीक्षा

सर्वांत जड काम म्हणजे नवीन प्रदेश तयार करणं. कोणी घोड्यावर बसून अनोळखी दिशेला निघालं, की सगळ्यांचाच खेळ अडखळतो. त्यासाठी जगाची सीमा २,००० ठोकळ्यांवर बांधा आणि ‘चंकी’ हे प्लगइन वापरून तेवढा भाग आधीच तयार करून घ्या. हे काम भर दुपारी करा, म्हणजे थंडाव्याचीही परीक्षा होईल. काम सुरू असताना टर्मिनलमध्ये पाहा :

```
vcgencmd measure_temp
vcgencmd get_throttled
```

तापमान ७५ च्या आत आणि दुसरं उत्तर `0x0` आलं, तर काळजी नाही. `0x50000` आलं, तर आधी वीजपुरवठा तपासा. बोर्डला मध्येच कमी व्होल्टेज मिळालं, असा त्याचा अर्थ. मोबाइलचा जुना चार्जर लावला की हे हमखास होतं. पाय ५ साठी ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर घ्या.

मुलं खेळू लागली की सर्व्हरमध्ये `mspt` ही आज्ञा द्या. एका टिकला किती मिलिसेकंद लागतात, ते दिसेल. आकडा सतत ४० च्या खाली असेल, तर सहाव्या मित्राला खुशाल बोलवा. पन्नाशीला टेकला असेल, तर आधी दृश्य-अंतर कमी करा. मित्र कमी करण्याची वेळ त्यानंतर.