मेनूला वळसा

एखाद्या महापालिकेचं संकेतस्थळ समजा. वर बोधचिन्ह, शेजारी भाषा बदलायचं बटण, मग शोधपेटी आणि तिचं बटण. त्याखाली मेनू: आठ मथळे आणि त्यांच्या पोटात तीस उपदुवे. माउस वापरणाऱ्याची नजर हे सगळं ओलांडून थेट ‘पाणीपट्टी भरा’वर जाते आणि बोट क्लिक करतं. पण माउस न वापरता कळफलकावरच काम करणाऱ्याला टॅबची कळ दाबत दाबत एकेका दुव्यावरून पुढे सरकावं लागतं. पोटातले तीस दुवे नुसते डोळ्यांआड ठेवले असतील (आणि बऱ्याच ठिकाणी तसंच असतं), तर टॅब त्यांच्यावरही थांबते. म्हणजे मजकुराला हात लागायच्या आधी बेचाळीस थांबे झाले. शिवाय पाणीपट्टी भरायला एक पान पुरत नाही. खात्याचं पान, अर्जाचं पान, रक्कम भरायचं पान, पावती, अशी चार पानं धरली तर १६८ वेळा कळ दाबावी लागते, कारण प्रत्येक पानावर तोच मेनू पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

यावरचा उपाय म्हणजे पानाच्या अगदी सुरुवातीला ‘मुख्य मजकुराकडे जा’ असा एक दुवा. त्याला स्किप लिंक म्हणतात. पान उघडल्यावर एकदा टॅब दाबली की तो पुढे येतो, एंटर दाबलं की मेनू ओलांडून मजकूर गाठता येतो. दर पानाला दोन कळा, चार पानांना आठ.

हा दुवा अंध वापरकर्त्यांसाठी असतो, असं बहुतेकांना वाटतं. त्यांना तो उपयोगी पडतो हे खरं, पण त्यांच्याकडे इतर वाटाही असतात. एनव्हीडीएसारखा पडदावाचक वापरणारा माणूस एच दाबून मथळ्यामागून मथळा गाठतो, डी दाबून पानाच्या एका भागातून दुसऱ्या भागात जातो. खरी अडचण होते ती डोळ्यांनी नीट दिसणाऱ्या, पण हातांनी माउस न धरता येणाऱ्या माणसाची. कंपवातामुळे बाण जागेवर ठरत नाही, संधिवातात बोटं वळत नाहीत, कुणी तोंडात काडी धरून कळा दाबतं. या मंडळींकडे पडदावाचक नसतो, त्यामुळे त्याचे शॉर्टकटही नसतात. त्यांच्या हाती टॅब तेवढी असते, आणि प्रत्येक कळ दाबायला कष्ट पडतात.

हे एकदा ध्यानात आलं की दुवा कसा बांधायचा तेही कळतं. तो वाचकाला दिसला पाहिजे. निदान टॅब त्याच्यावर येते तेव्हा तरी.

```html
<body>
<a class="skip" href="#mukhya">मुख्य मजकुराकडे जा</a>
<header> … मेनू … </header>
<main id="mukhya" tabindex="-1"> … </main>
```

`href` मधलं नाव आणि `main` ला दिलेला `id` अक्षरशः सारखा हवा. एका अक्षराचा फरक पडला तर दुवा दिसेल, दाबताही येईल, पण कुठेच नेणार नाही. संकेतस्थळाचा साचा बदलताना हे हमखास होतं: नवा साचा लिहिणारा `id` बदलतो आणि वरच्या दुव्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आता तो दिसण्याचा प्रश्न. पानाच्या डोक्यावर असा दुवा कायम दिसलेला रचनाकारांना खपत नाही. म्हणून तो एरवी पडद्याबाहेर ठेवतात आणि टॅब आली की आत आणतात:

```css
.skip { position: absolute; top: -100px; left: 0; }
.skip:focus { top: 0; padding: 12px; color: #fff; background: #000; }
```

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. दुवा लपवायचा म्हटल्यावर हात सवयीने `display: none` लिहितो. पण तसं लिहिलं की ब्राउझर तो दुवा टॅबच्या रांगेतूनच काढून टाकतो. टॅब त्याच्यावर येतच नाही, म्हणून तो कधी पडद्यावरही येत नाही. कोडमध्ये मात्र दुवा असतो, त्यामुळे तपासणीच्या यादीत त्याच्यापुढे बरोबरची खूण पडून जाते. दुसऱ्या तऱ्हेत दुवा पडद्याबाहेर राहतो, टॅब त्याच्यावर थांबतेही, पण `:focus` ची ओळ लिहायची राहिलेली असते. मग डोळस वाचकाला पहिल्या टॅबला काहीच झालेलं दिसत नाही आणि तो पुन्हा टॅब दाबून पुढे निघून जातो.

मला विचाराल तर दुवा कायम दिसत ठेवणंच उत्तम. भारतातल्या अनेक सरकारी संकेतस्थळांवर अक्षरं लहान-मोठी करायच्या बटणांजवळ तो उघड दिसतो, आणि त्याने पानाचं रूप काही बिघडत नाही.

दुवा दाबल्यावर काय होतं, इकडेही बघायला हवं. दोन गोष्टी व्हायला हव्यात: पान खाली सरकायला हवं आणि टॅबची जागाही तिथे जायला हवी. पूर्वी काही ब्राउझरांत पहिली गोष्ट व्हायची, दुसरी व्हायची नाही. पान मजकुरापर्यंत यायचं, पुढची टॅब दाबली की माणूस परत मेनूत. आजचे ब्राउझर सुधारले आहेत. तरी `main` वर `tabindex="-1"` लिहून ठेवतात ते त्याचसाठी. त्यामुळे `main` टॅबच्या रांगेत येत नाही, पण दुव्याने तिथे पाठवलं तर टॅबची जागा तिथे स्थिरावते. उणे एकाऐवजी शून्य लिहिलं तर एक थांबा उगाच वाढतो.

एक जोडदुखणं आहे. `tabindex="-1"` दिल्यावर अख्ख्या मजकुराभोवती कधी कधी चौकट उमटते. ती नको म्हणून `main` पुरतं `outline: none` लिहिलं तर चालतं. पण घाईत कुणी तेच सबंध पानाला लावून टाकतं, आणि मग टॅब कुठल्या दुव्यावर आहे हेच कळेनासं होतं. स्किप लिंक घालायला गेले आणि सगळाच कळफलक आंधळा करून आले!

पानाच्या माथ्यावर चिकटून राहणारी पट्टी असेल तर मजकुराचा मथळा तिच्याखाली दडतो. पट्टी ८० पिक्सेल उंच असेल तर `main` ला `scroll-margin-top: 80px` दिलं की काम होतं.

डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.० या आंतरराष्ट्रीय निकषांत पुन्हा पुन्हा येणारा भाग ओलांडायची सोय असावी, असं कलम २.४.१ आहे, आणि ते ‘ए’ म्हणजे किमान पातळीवर आहे. स्किप लिंक हा त्यातला एक मार्ग. काही जण उत्साहाने ‘शोधाकडे जा’, ‘मेनूकडे जा’, ‘तळाकडे जा’ असे चार-पाच दुवे ठेवतात. मग ते ओलांडायलाच टॅब दाबत बसावं लागतं. साध्या पानाला एक पुरे.

तपासायला कुठलंही साधन लागत नाही. पान उघडा, माउस बाजूला ठेवा आणि टॅब दाबा. दुवा दिसला? एंटर दाबा, आणि मग आणखी एकदा टॅब. आता मजकुरातल्या पहिल्या दुव्यावर आलात तर सगळं ठीक. मेनूत परतलात तर टॅबची जागा हललेली नाही. मॅकवर सफारीत मात्र टॅब मुळात दुव्यांवर थांबतच नाही. तिथे ऑप्शन आणि टॅब मिळून दाबावं लागतं, किंवा सेटिंगच्या ‘अॅडव्हान्स्ड’ भागात तशी खूण करावी लागते. चांगला चालणारा दुवा मोडला आहे असं समजून कोड उपसायच्या आधी तेवढं बघून घ्यावं.