पोटापाण्याचा मार्ग आणि घरचीं गृहीतकें

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं घडलेल्या एका साध्या प्रसंगापासून आरंभ करतों. माझा पुतण्या वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वय तेवीस. एका पेढीवर तो हिशेबनीस आहे आणि त्याला दरमहा १८,००० रुपये मिळतात. मीं त्यास वडीलकीनें सांगितलें, “ही चाकरी सोड. पुण्यास जाऊन चार वर्षें लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास कर. सरकारी नोकरी लागली कीं जन्माची ददात मिटली. मला पाहा, घरबसल्या निवृत्तिवेतन येतें.”

तो नम्रपणें म्हणाला, “काका, तें तुम्हांला येतें. मला येईल का?”

मी निरुत्तर झालों. वास्तविक हा प्रश्न मीं स्वतःस विचारावयास हवा होता. भूमिती शिकवितांना मी मुलांना सांगत असें कीं, प्रमेय पाठ असणें निराळें आणि तें कोणत्या गृहीतकांवर उभें आहे हें ठाऊक असणें निराळें. युक्लिडानें पांच गृहीतकें मांडून त्यांवर सारी भूमिती रचली. पांचवें गृहीतक बदलून पाहिलें तेव्हां एकोणिसाव्या शतकांत निराळीच भूमिती निघाली. घरांत चालत आलेला उपदेश हेंही एक प्रमेयच. “सरकारी नोकरीच बरी” हें माझ्या वडिलांनीं मला सांगितलें, आणि मीं तें सिद्धतेवांचून पुढें दिलें.

तेव्हां आम्ही दोघे वही घेऊन बसलों. प्रथम मीं विचारलें, “तुला या नोकरींतून नेमकें काय हवें?” तीन गोष्टी निघाल्या : म्हातारपणची सोय, कामाची शाश्वती आणि समाजांतला मान. मग प्रत्येकीपुढें आम्ही लिहिलें कीं, ही आजची वस्तुस्थिति आहे कीं ऐकीव गोष्ट?

पहिली गोष्ट ऐकीव निघाली. १ नोव्हेंबर २००५ रोजीं किंवा त्यानंतर राज्याच्या सेवेंत आलेल्यांना माझ्यासारखें जुन्या पद्धतीचें निवृत्तिवेतन सामान्यतः लागू नाहीं; त्यांच्या पगारांतून दरमहा वर्गणी कापली जाते. २०२४ सालीं राज्यानें ठराविक निवृत्तिवेतनाचा पर्याय मान्य केला, परंतु त्यांतही वर्गणी आहेच. उलट, वर्गणीची राष्ट्रीय योजना २००९ पासून खाजगी चाकरी करणाऱ्यांसही खुली आहे. म्हणजे म्हातारपणच्या सोयीसाठीं हा एकच दरवाजा आहे, हें खरें नव्हे.

दुसरी गोष्ट अर्धी खरी. नेमणूक झाल्यावर शाश्वती आहे. परंतु जागा शेंकड्यांनीं आणि उमेदवार लाखांनीं. अभ्यासाच्या काळांत शाश्वती मुळींच नाहीं. तिसरी, मानाची गोष्ट, खरीच आहे. तिची किंमत मात्र ज्याची त्यानें ठरवावयाची.

आतां किंमत पाहूं. घरीं राहिला असतां जेवणखाण लागतेंच. म्हणून पुण्यांतील खोली, खाणावळ आणि शिकवणी यांचा केवळ जादा खर्च आम्ही धरला. तो महिन्यास ८,००० रुपये, वर्षास ९६,०००. बुडणारा पगार वर्षास २,१६,०००. एकूण एका वर्षाची किंमत ३,१२,००० रुपये; चार वर्षांची १२,४८,०००. मीं सहज तोंडांतून काढलेल्या “चार वर्षें” या दोन शब्दांची ही किंमत होती!

यावरून परीक्षा देऊंच नये असें ठरत नाहीं. ठरलें तें इतकेंच कीं, नोकरी सोडलीच पाहिजे हें चौथें गृहीतक आम्ही न लिहितांच धरून चाललों होतों. पुतण्यानें नोकरी ठेवून पहांटे अभ्यास करावयाचें ठरविलें. यांत अभ्यासास वेळ कमी मिळतो, हें नुकसान त्यानें मान्य केलें. दोन वेळां परीक्षा द्यावयाची, आणि पूर्वपरीक्षेंत किती गुणांनीं मागें राहिलों तें पाहून पुढचें ठरवावयाचें. त्या वेळीं मागील दोन वर्षें हिशेबांत धरावयाचीं नाहींत, तीं गेलींच. विचारावयाचें एवढेंच कीं, आणखी एक वर्ष दिल्यानें अंतर भरून निघेल काय?

या रीतीस मर्यादा आहेत. वडिलांचा उपदेश त्यांच्या काळीं चुकीचा नव्हता. त्यामागें दुष्काळ आणि बेकारी पाहिलेल्या माणसाचा अनुभव होता. म्हणून गृहीतक टाकण्यापूर्वी तें का धरलें गेलें हें शोधावें. दुसरें असें कीं, मन आधींच ठरवून मग कारणें जुळविण्याचा मोह होतो. त्याची खूण सोपी आहे : आपल्या इच्छेच्या विरुद्ध जाणारी एकही ओळ वहींत नसेल, तर तो विचार नव्हे, वकिली होय.

आमच्या वहींत तशी ओळ आहे. पुतण्यानें स्वतःच्या अक्षरांत लिहिलें आहे : “पेढी बंद पडली तर काय?” तिचें उत्तर आम्ही अद्याप शोधीत आहों.