एकच जागा, दोन एजन्सी आणि तुमचा एकच बायोडेटा

खराडीतल्या एका परदेशी बँकेच्या तंत्रज्ञान केंद्रात जावा डेव्हलपरची जागा निघते. बँक ती पाच-सहा स्टाफिंग एजन्सींना एकाच दिवशी कळवते. प्रत्येक एजन्सीतले रिक्रूटर नोकरीच्या पोर्टलवर तेच शब्द टाकून शोधतात आणि साहजिकच तेच उमेदवार त्यांच्यासमोर येतात. सहा वर्षांचा अनुभव असलेल्या एखाद्या मुलीला त्या आठवड्यात त्याच जागेसाठी तीन फोन आले, तर त्यात योगायोग काही नाही. ही भरतीची रोजची पद्धत आहे.

अडचण येते ती दोन एजन्सींनी तिचा बायोडेटा त्याच जागेसाठी पाठवला की. पुष्कळ उमेदवारांना वाटतं, दोन दारांतून नाव गेलं तर संधी दुप्पट झाली. प्रत्यक्षात अनेक कंपन्या असा उमेदवार मुलाखतीला न बोलावताच बाजूला ठेवतात. याचं कारण कळलं की काय करायचं तेही कळतं.

कंपनी मागे का सरते?

कायमस्वरूपी नोकरीत उमेदवार रुजू झाला की कंपनी एजन्सीला फी देते. आपल्याकडे वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे साधारण एक महिन्याचा पगार, हा दर बराच प्रचलित आहे. पगार 20 लाख ठरला तर फी होते सुमारे 1 लाख 67 हजार. त्याच मुलीला दोघांनी पाठवलं असेल तर दोघेही या रकमेवर हक्क सांगू शकतात. काँट्रॅक्टच्या कामात एजन्सी माणसाला आपल्या पेरोलवर ठेवून कंपनीला बिल लावते, त्यामुळे तिथे दर महिन्याची कमाई पणाला लागलेली असते. तुल्यबळ असे दहा उमेदवार हाताशी असताना एका नावासाठी दोन व्हेंडरांचा वाद अंगावर घ्यावा, असं कुठल्याही एचआरला वाटत नाही.

दुसरं कारण माहितीतल्या विसंगतीचं. एका एजन्सीने अपेक्षित पगार 20 लाख लिहिला आणि दुसरीने 17 लाख. एकीकडे नोटिस पीरियड 60 दिवस, दुसरीकडे 30. दुसरीने बायोडेटात एखादं कौशल्य स्वतःहून वाढवलेलं. हे दोन कागद शेजारी ठेवले की संशय एजन्सीवर जात नाही, उमेदवारावर जातो.

ही गोष्ट लपतही नाही. उमेदवारांच्या नोंदी ठेवणारी कंपनीची प्रणाली मोबाइल नंबर आणि ईमेल जुळवून पाहते. काही कंपन्या व्हेंडरकडून पॅन किंवा जन्मतारीखही मागतात. दुसऱ्या एजन्सीने तुमचं नाव भरताच पडद्यावर ‘डुप्लिकेट’ असा शेरा येतो. आधीची नोंद सहा महिने किंवा वर्षभर त्या एजन्सीची मानायची, असा नियम कंपनी आणि व्हेंडर यांच्या करारात अनेकदा असतो. तुम्ही कंपनीच्या संकेतस्थळावर आधी स्वतः अर्ज केला असेल किंवा तिथल्या मित्राने तुमचं नाव सुचवलं असेल, तरी ती नोंदही आधीची म्हणूनच धरली जाते.

घोळ नेमका कुठे होतो?

एक उदाहरण घेऊ. आपल्या या डेव्हलपरला सोमवारी पहिल्या एजन्सीचा फोन येतो. रिक्रूटर बँकेचं नाव सांगतो, जॉब आयडी देतो आणि मेलवर होकार मागतो. ती होकार देते. बुधवारी दुसऱ्या एजन्सीचा फोन येतो. “मॅडम, एका मोठ्या बँकेची अर्जंट रिक्वायरमेंट आहे, खराडी लोकेशन. क्लायंटचं नाव नंतर सांगतो, आधी अपडेटेड सीव्ही व्हॉट्सॲपवर टाका.” ती सीव्ही पाठवते आणि खाली लिहिते, ‘इंटरेस्टेड’. गुरुवारी दुसरी एजन्सी तिचं नाव बँकेकडे पाठवून मोकळी होते. शुक्रवारी पहिल्या एजन्सीचा रिक्रूटर विचारतो, “मॅडम, तुमचं प्रोफाइल डुप्लिकेट दाखवतंय, दुसरीकडूनही दिलंय का?”

चूक झाली ती त्या एका शब्दात. तिच्या मनात ‘इंटरेस्टेड’चा अर्थ होता ‘आणखी सांगा’. रिक्रूटरने त्याचा अर्थ घेतला ‘पाठवा’. त्याच्यावर दिवसाला ठरावीक नावं पाठवण्याचं ओझं असतं आणि इतर व्हेंडरांच्या आधी नाव जावं ही घाई असते.

म्हणून फोनवर पहिला प्रश्न कंपनीच्या नावाचा हवा. रिक्रूटर नाव सांगायला कचरतात, कारण उमेदवार थेट अर्ज करेल किंवा नाव दुसऱ्या एजन्सीला कळेल ही त्यांची भीती खरी असते. त्यावर असं म्हणता येतं: “नाव सांगितल्याशिवाय मी होकार देऊ शकत नाही, कारण दोन-तीन ठिकाणी माझं प्रोफाइल आधीच गेलेलं आहे. नाव कळलं की तिथे गेलंय की नाही ते लगेच सांगते.” रीतसर काम करणारा रिक्रूटर यावर नाव सांगतो, कारण डुप्लिकेट नाव पाठवून त्याच्याही हाती काही लागत नाही. एवढं सांगूनही जो नाव देत नाही, त्याला सीव्ही देऊ नये. द्यायचाच असेल तर सोबत स्पष्ट लिहावं की माझ्या लेखी परवानगीशिवाय तो कुठल्याही कंपनीला पाठवू नये.

नाव कळण्याआधीही जागा ओळखता येते. दोन्ही जॉब डिस्क्रिप्शन शेजारी ठेवून वाचा. त्याच क्रमाने लिहिलेली कौशल्यं, तीच अनुभवाची मर्यादा, तेच ठिकाण, मुलाखतीचा तोच शनिवार, कधी कधी तर शुद्धलेखनाची तीच चूक दिसते. एजन्सी कंपनीचा मजकूर फारसा न बदलता पुढे ढकलतात, म्हणून हे साम्य राहतं.

होकार कसा द्यावा?

होकार फोनवर नको, मेलवर हवा, आणि तो एका जागेपुरताच हवा. मजकूर साधा असावा: ‘अमुक कंपनीच्या अमुक जॉब आयडीच्या पुण्यातील जागेसाठी माझं प्रोफाइल पाठवायला माझी परवानगी आहे. अपेक्षित पगार 20 लाख, नोटिस पीरियड 60 दिवस. ही परवानगी फक्त या जागेसाठी आहे. दोन दिवसांत प्रोफाइल पाठवून मला कळवावं.’

यातलं शेवटचं वाक्य बहुतेकजण लिहीत नाहीत, आणि तेच फार उपयोगी पडतं. एजन्सी होकार घेऊन ठेवते, पण पाठवायला उशीर करते. तेवढ्यात दुसरी एजन्सी परवानगी नसताना पुढे जाते आणि कंपनीच्या नोंदीत तीच पहिली ठरते. काही कंपन्या उमेदवाराचा मेल ग्राह्य धरतात, काही फक्त नोंदीची वेळ पाहतात. त्यामुळे नाव पाठवल्याचा निरोप येईपर्यंत पाठपुरावा करायचा. मुदतीत पाठवलं नाही आणि दुसरी एजन्सी अधिक चांगली वाटली, तर पहिलीला परवानगी मागे घेत असल्याचं लिहून कळवावं, नाव गेलेलं नाही याची तिच्याकडून खात्री करून घ्यावी आणि मगच दुसरीला होकार द्यावा. नाव एकदा गेल्यावर मात्र दुसरी जास्त पगाराचं आमिष दाखवते म्हणून बाजू बदलू नये. डुप्लिकेट नेमकं तिथेच तयार होतं.

सोबत एक लहानशी वही किंवा एक्सेल शीट ठेवावी: तारीख, एजन्सी, रिक्रूटरचं नाव, कंपनी, जॉब आयडी, सांगितलेला पगार. स्वतः केलेले अर्ज आणि मित्रांनी दिलेले रेफरन्सही तिथेच नोंदवावेत. पुढचा फोन आला की ही नोंद पाहून अर्ध्या मिनिटात उत्तर देता येतं.

अमेरिकेतल्या काँट्रॅक्ट बाजारात काम करणाऱ्या मराठी मंडळींना हा होकार ‘राइट टू रिप्रेझेंट’, थोडक्यात आरटीआर, या नावाने परिचित असतो. त्यात कंपनी, पद, ताशी दर आणि बहुधा मुदत लिहिलेली असते. मोठ्या कंपन्या फील्डग्लास किंवा बीलाइनसारख्या प्रणालींतून व्हेंडरांची नावं घेतात आणि तिथे दुसरी नोंद लगेच अडते. शिवाय मध्ये दोन-तीन व्हेंडरांची साखळी असू शकते, म्हणून फोन करणाऱ्याला अंतिम क्लायंट कोण हे विचारणं तिथे आणखी गरजेचं ठरतं. एकाच जागेसाठी दोन आरटीआर दिले, तर उमेदवाराच्याच सहीचे दोन कागद एकमेकांविरुद्ध उभे राहतात.

नाव दोनदा गेलंच तर?

आता शुक्रवारच्या त्या फोनकडे येऊ. “मला काही माहीत नाही” म्हणून तो टाळणं सगळ्यांत घातक. त्याच दिवशी दोन मेल जायला हवेत.

दुसऱ्या एजन्सीला: ‘या जागेसाठी मी सोमवारी दुसऱ्या एजन्सीला लेखी परवानगी दिली होती. तुम्ही मला कंपनीचं नाव सांगितलेलं नव्हतं आणि माझं प्रोफाइल पाठवायला मी परवानगी दिलेली नव्हती. कृपया माझं नाव आजच मागे घ्या आणि तसं मला मेलवर कळवा.’ सूर शांत ठेवावा, कारण हाच रिक्रूटर पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीसाठी फोन करणार असतो.

पहिल्या एजन्सीला: घडलेला सगळा प्रकार तारखांसह, ‘इंटरेस्टेड’ लिहिल्याचंही न लपवता. सोबत सोमवारचा होकाराचा मेल आणि दुसरीला पाठवलेल्या मेलची प्रत. व्हेंडर म्हणून कंपनीशी बोलण्याची वाट तिच्याकडे असते आणि हे कागद तिच्या हाती असले तर ती ठामपणे बोलू शकते. कंपनीच्या एचआरने थेट विचारलं, तर हीच हकिकत त्याच शब्दांत सांगावी आणि आपला खरा पगार व नोटिस पीरियड तिथेच स्पष्ट करावा. दोन्ही एजन्सींना ‘तुम्हीच माझे’ असं वेगवेगळं सांगितलं, तर ते दोन्ही मेल शेवटी एकाच टेबलावर येतात.

एवढं करून जागा हाती येईलच असं नाही. काही कंपन्यांचा नियम दोन्ही नोंदी रद्द करण्याचा असतो आणि उमेदवाराच्या खुलाशाने तो बदलत नाही. पण खुलासा लेखी असेल तर नाव रद्द होतं ते त्या जागेपुरतं. तुम्ही मुद्दाम दोन एजन्सींना खेळवलंत असा शेरा तुमच्या नावापुढे राहिला, तर त्या कंपनीतल्या पुढच्या जागांनाही तो आडवा येऊ शकतो. म्हणून निर्णय उलट गेला तरी पहिल्या एजन्सीकडून दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: नोंद आता कोणाच्या नावावर आहे, आणि ती किती महिने राहणार. त्या दोन्ही गोष्टी आपल्या शीटमध्ये लिहाव्यात, म्हणजे तीच बँक पुन्हा जागा काढेल तेव्हा नाव कोणामार्फत पाठवायचं हे पहिल्या फोनलाच ठरवता येईल.