बायोडाटात ‘स्पीड 40’ लिहिले आहे. मग चुका किती?

दुकानातील बिले संगणकावर चढवण्यासाठी मुलगा किंवा मुलगी ठेवायची म्हटले, की चार बायोडाटे येतात. प्रत्येकात ‘टायपिंग 40, टॅली, एक्सेल’ असे लिहिलेले असते. शहागंज असो की सिटी चौक, व्यापारी बंधूंनी या तीन शब्दांवर भुलू नये.

प्रथम वेग. ‘इंग्रजी 40’ म्हणजे मिनिटाला 40 शब्द. एक शब्द पाच कळांचा धरतात, म्हणून मिनिटाला 200 कळा. याचा पुरावा म्हणजे पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचे प्रमाणपत्र. त्यावरील भाषा, वेग आणि वर्ष बायोडाटाशी ताडून पाहावे. मात्र या परीक्षेत वेग उताऱ्यावर मोजतात. आपल्या बिलात आकडे अधिक असतात, आणि उताऱ्यावर भरभर चालणारी बोटे आकड्यांवर अडखळू शकतात.

‘टॅली येते’ एवढे पुरेसे नाही. ‘दरमहा 300 खरेदी बिले चढवली, बँकेचा खातेउतारा जुळवला’ असे लिहिले असेल तर त्यात वजन आहे. तेथे कोणता माल होता, उतारा जुळला नाही तर काय करत, हे विचारावे. काम केलेला माणूस लगेच सांगतो.

अचूकतेचा पुरावा बायोडाटात क्वचितच असतो. तो आपणच घ्यावा. जुनी 20 बिले द्यावीत. प्रत्येकातील तारीख, बिल क्रमांक, जीएसटी क्रमांक, नग आणि रक्कम अशी पाच घरे भरायला सांगावी. एकूण 100 घरे झाली. जितकी चुकली, तितके टक्के चूक.

समजा, एकाने हे काम 22 मिनिटांत केले, पण सहा घरे चुकली. दुसरीला 28 मिनिटे लागली, चूक एकच. रोज 40 बिले असतील तर पहिला 12 मिनिटे वाचवील, पण 12 चुका करील. दुसरीच्या होतील दोन. एक चूक शोधायला 10 मिनिटे धरली, तरी पहिल्याचे दोन तास त्यातच जातील. सावकाश चालणारीच येथे स्वस्त पडते.

चूक कोणत्या घरात झाली, हेही पाहावे. रक्कम चुकली तर बेरजेत सापडते. बिल क्रमांक चुकला तर बेरीज बरोबरच येते. ती चूक तशीच जीएसटीआर-1 मध्ये गेली, तर गिऱ्हाइकाच्या जीएसटीआर-2बी मध्ये बिल जुळत नाही. मग तो जमाकरासाठी आपल्याला फोन करतो, आणि पुढच्या विवरणात दुरुस्ती करावी लागते. म्हणून काम झाल्यावर उमेदवार बिल क्रमांक पुन्हा ताडतो की नाही, याकडे न सांगता लक्ष ठेवावे.